एकच अंगण, बारा चित्रे: सीड काय धरून ठेवतो आणि काय नाही

प्रश्न: मुलांच्या गोष्टीसाठी बारा चित्रे करते आहे. सगळे प्रसंग कोकणातल्या एकाच घराच्या अंगणात घडतात. कॉम्फीयूआयमध्ये एसडीएक्सएल मॉडेल वापरते, सीड सगळीकडे एकच ठेवते, तरी प्रत्येक चित्रात अंगण वेगळे येते. कधी पडवीला तीन खांब, कधी पाच. तुळशीवृंदावन कधी डावीकडे, कधी गायब. सीड एकच असताना असे का होते, आणि अंगण तेच राहावे म्हणून नेमके काय करावे?

उत्तर:

सीड हा जागेचा पत्ता नसतो. तो केवळ यादृच्छिक संख्यांच्या एका ठरावीक मालिकेचा क्रमांक असतो, आणि त्या मालिकेतून चित्राची सुरुवात करणारा नॉइज, म्हणजे अर्थहीन ठिपक्यांचा गोंधळ, तयार होतो. तुमच्या अंगणाबद्दल सीडला काहीही ठाऊक नसते. मॉडेल त्या नॉइजकडे प्रॉम्प्टच्या चष्म्यातून पाहते आणि प्रत्येक पायरीला थोडा नॉइज कमी करत चित्र घडवत जाते. प्रॉम्प्टमध्ये ‘रिकामे अंगण’ असेल तर नॉइजमधला एखादा गडद पट्टा खांब होतो. ‘अंगणात दोरीच्या उड्या मारणारी मुलगी’ असे लिहिले की तोच पट्टा मुलीचा पाय किंवा झाडाचे खोड होऊ शकतो. म्हणून सीड तोच ठेवून प्रॉम्प्ट बदलला की रंगांची ढोबळ मांडणी, प्रकाशाची बाजू आणि क्षितिजाची उंची बहुधा सारखी राहते, पण खांब मोजून तितकेच राहत नाहीत. तुम्हाला जे दिसते आहे ते यंत्राचे बिघडणे नसून त्याचे नेहमीचे वागणे आहे.

यातून कामाची दिशा ठरते. नाटकात प्रत्येक प्रवेशाला नेपथ्य नव्याने उभारत नाहीत. ते एकदा उभे राहते आणि पात्रे येत-जात राहतात. तुमच्या मालिकेतही अंगणाचे एक रिकामे, पक्के चित्र आधी तयार करायचे आणि बाराही चित्रे त्या एका चित्रावर बांधायची. सीड आणि बाकीची सेटिंग्ज कायम ठेवण्याचे महत्त्व त्याने कमी होत नाही, मात्र त्यांचे काम वेगळे ठरते. ते मूळ चित्र निवडताना एका वेळी एकच गोष्ट बदलता यावी, आणि एखादा बदल कशामुळे झाला हे खात्रीने सांगता यावे, यासाठी त्यांची गरज आहे.

आधी सीडबरोबर आणखी काय काय बांधून ठेवावे लागते ते पाहू, कारण नुसता सीड कायम ठेवल्याने समान प्रॉम्प्टचे चित्रही समान येईलच असे नाही.

पहिली बाब चित्राचा आकार. एसडीएक्सएल थेट पिक्सेलवर काम करत नाही. ते लांबी-रुंदीला आठपट लहान असलेल्या, चार थरांच्या एका जाळीवर काम करते. पुस्तकाच्या आडव्या पानासाठी तुम्ही 1216×832 हा आकार घेतलात तर ती जाळी 152×104 होते आणि सीडमधून 63,232 संख्या भरल्या जातात. या संख्या ओळीने भरत जातात. रुंदी 1216 वरून 1280 केली की प्रत्येक ओळ 152 ऐवजी 160 घरांची होते, त्यामुळे पहिल्या ओळीनंतरची प्रत्येक संख्या आपल्या जागेवरून सरकते आणि सगळी रचनाच बदलते. म्हणून मालिकेचा आकार पहिल्या दिवशी ठरवावा. एखादे चित्र उभे हवे असेल तर तो आकार सीडच्या भरवशावर बदलू नये. मूळ चित्र मोठे करून त्यातून उभा भाग कापून घ्यावा.

दुसरी बाब सॅम्पलर, म्हणजे नॉइज पायरीपायरीने कमी करण्याची पद्धत, आणि येथे पुष्कळांची फसगत होते. काही सॅम्पलर सुरुवातीच्या नॉइजवरच समाधान मानतात, तर काही प्रत्येक पायरीला ताजा नॉइज मिसळतात. कॉम्फीयूआयच्या यादीत ज्यांच्या नावात `ancestral` किंवा `sde` असते ते दुसऱ्या प्रकारचे आहेत. त्यांचे चित्र स्टेप्सच्या, म्हणजे या पायऱ्यांच्या, संख्येबरोबर भरकटत जाते. 25 स्टेप्सना जे अंगण मिळाले ते 30 स्टेप्सना मिळेलच असे नाही. `euler` किंवा `dpmpp_2m` यांचे तसे नसते. पुरेशा स्टेप्सनंतर त्यांचे चित्र स्थिरावते आणि पुढच्या पाच-दहा स्टेप्स फक्त बारकावे बदलतात. मालिकेच्या कामासाठी मी नेहमी या दोघांपैकी एक सॅम्पलर घ्यायला सांगतो. ताजा नॉइज मिसळणाऱ्या सॅम्पलरने सुटे चित्र कधी कधी अधिक खुलते हे खरे आहे, पण येथे आपल्याला खुलण्यापेक्षा टिकणे हवे आहे.

तुमच्या कामासाठी मी पुढील नोंद धरून चालेन. आकडे थोडे इकडे-तिकडे करायला हरकत नाही, पण एकदा ठरले की ते मालिका संपेपर्यंत हलवायचे नाहीत.

```
size:       1216 x 832
sampler:    dpmpp_2m
scheduler:  karras
steps:      30
cfg:        6.0
batch_size: 1
```

यात `batch_size` मुद्दाम 1 ठेवले आहे. कॉम्फीयूआयमध्ये एकाच वेळी चार चित्रे मागितली तर चौघांचा नॉइज एकाच सीडमधून सलग निघतो. त्यांतले तिसरे चित्र आवडले तर तो सीड एका चित्रासाठी टाकून ते परत मिळत नाही. ऑटोमॅटिक1111 या दुसऱ्या लोकप्रिय प्रोग्रॅममध्ये पद्धत निराळी आहे. तेथे गठ्ठ्यातल्या प्रत्येक चित्राला पुढचा पुढचा सीड मिळतो. शिवाय तो प्रोग्रॅम नॉइज मूळ सेटिंगनुसार ग्राफिक्स कार्डवर तयार करतो, तर कॉम्फीयूआय तो संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर तयार करते. त्यामुळे एखाद्या मैत्रिणीने ऑटोमॅटिक1111 मधला सीड कळवला आणि तुम्ही तोच आकडा कॉम्फीयूआयमध्ये टाकलात, तर प्रॉम्प्ट आणि मॉडेल समान असूनही चित्र निराळे येईल.

कॉम्फीयूआयची आणखी एक खोड तुमच्या अडचणीत भर घालत असण्याची शक्यता आहे. सीडच्या खाली `control_after_generate` नावाचा पर्याय असतो. तो `randomize` वर असेल तर काम रांगेत लागताच सीडच्या चौकटीत नवा आकडा येतो. म्हणजे चित्र पाहून तुम्ही जो आकडा वहीत टिपता तो त्या चित्राचा नसतो, पुढच्या चित्राचा असतो. हा पर्याय `fixed` वर आणावा. आधीच्या चित्रांचा खरा सीड हवा असेल तर त्यांची मूळ पीएनजी फाइल कॉम्फीयूआयच्या पडद्यावर ओढून सोडावी. त्या फाइलमध्ये सगळी मांडणी साठवलेली असते आणि ती जशीच्या तशी उघडते. मात्र तीच फाइल व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून पाठवली की ही माहिती गळून पडते. सहकाऱ्याला द्यायची झाल्यास ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

इतके बांधल्यावर बांधणी खरोखर पक्की आहे का, हे डोळ्यांनी न ठरवता तपासून पाहावे. एक चित्र करावे, सीड बदलून दुसरे करावे, मग पहिला सीड परत टाकून तिसरे करावे. मधले चित्र आवश्यक आहे, कारण काहीच न बदलता पुन्हा बटण दाबले तर कॉम्फीयूआय नव्याने काही करतच नाही. आता पहिले आणि तिसरे चित्र क्रिटा, गिंप किंवा फोटोशॉपमध्ये एकावर एक ठेवून वरच्या थराचा ब्लेंड मोड डिफरन्स करावा. सगळे काळे दिसले तर चित्रे तंतोतंत एक आहेत. कडांवर अंधूक रेषा दिसल्या तर आकडेमोडीतला किरकोळ फरक आहे; ग्राफिक्स कार्ड किंवा प्रोग्रॅमची आवृत्ती बदलल्यावर तो हमखास येतो. पूर्ण आकृत्या उजळून दिसल्या तर वरच्यांपैकी एखादी बाब सुटली आहे. हीच डिफरन्स तपासणी पुढेही लागणार आहे.

आता मूळ चित्राकडे वळू. प्रॉम्प्ट लिहिताना जागेचे वर्णन आधी आणि बदलू शकणारे शब्द अगदी शेवटी ठेवावेत. याला कारण आहे. एसडीएक्सएलचे शब्द वाचणारे क्लिप नावाचे घटक मजकूर डावीकडून उजवीकडे वाचतात, आणि आधीच्या शब्दांची जी संख्यारूप प्रतिमा तयार होते तिच्यावर नंतर येणाऱ्या शब्दांचा परिणाम होत नाही. ‘सकाळचा प्रकाश’ सुरुवातीला लिहून नंतर त्याची ‘संध्याकाळ’ केली तर त्यापुढच्या प्रत्येक शब्दाची प्रतिमा हलते. शेवटी लिहिला तर आधीचे वर्णन बरेचसे स्थिर राहते. यानेही अंगण गोठत नाही, कारण चित्र घडवताना मॉडेल सगळ्या शब्दांकडे एकत्र पाहते, पण सीड निवडण्याच्या टप्प्यात दोन चित्रांची तुलना करणे सोपे जाते.

```
front yard of an old Konkan village house, laterite walls,
sloping red clay tile roof, veranda with four wooden pillars,
square stone tulsi pedestal in the middle of the yard,
coconut palms behind, eye-level view, empty yard, no people,
gouache picture book illustration, soft morning light from left
```

माणसे आणि प्राणी येऊ नयेत यासाठी निगेटिव्ह प्रॉम्प्टमध्ये `people, animals, text` हे शब्द स्वतंत्रपणे लिहावेत. मुख्य प्रॉम्प्टमधल्या नकारावर विसंबू नये, कारण `no people` मधला `people` हा शब्दच कधी कधी माणसे घेऊन येतो. प्रत्यक्षात ते दोन शब्द वरच्या प्रॉम्प्टमधून काढून टाकले तरी चालतील.

आता बाकी सर्व सेटिंग्ज तशीच ठेवून फक्त सीड बदलत वीस-तीस अंगणे पाहावीत. निवड करताना सुंदर चित्र शोधू नये, उपयोगी चित्र शोधावे. पात्रे उभी राहतील अशी मोकळी जमीन पुढच्या भागात आहे का, दार दिसते का, वृंदावनाच्या मागून कोणी येऊ शकेल का, कौलांची उतरण कागदाच्या कडेला विचित्र कापली जात नाही ना, हे बाराही प्रसंग समोर ठेवून तपासावे. खांबांची संख्या या टप्प्यावर सोडून द्यावी. या मॉडेलला मोजता येत नाही. ‘चार खांब’ ही त्याच्यासाठी ढोबळ सूचना असते.

निवडलेल्या चित्रात चुका असणारच. वृंदावनाच्या जागी बहुतेक वेळा कारंजे, पक्ष्यांसाठीचे पाण्याचे भांडे किंवा फुलझाडाची साधी कुंडी येते, कारण तुळशीवृंदावनाचा आकार या मॉडेलने फारसा पाहिलेला नाही. येथे प्रॉम्प्टशी झगडत बसू नये. क्रिटामध्ये चौथरा, वरचा कमळासारखा कठडा आणि तुळस हाताने ढोबळ रंगवावी, तेवढ्याच भागावर मास्क घालावा आणि 0.4 ते 0.5 डिनॉइजने, म्हणजे चित्र किती प्रमाणात नव्याने घडवायचे ते ठरवणाऱ्या आकड्याने, तो भाग पुन्हा घडवून घ्यावा, म्हणजे तुमचा ढोबळ आकार राहतो आणि रंगलेपन बाकीच्या चित्रासारखे होते. जास्तीचा खांबही असाच रंगाने झाकून काढता येतो. कोकणी घराच्या तपशिलाबाबत मी आग्रही आहे. चिऱ्याची भिंत विटांची दिसत असेल किंवा पडवीला युरोपीय कमानी आल्या असतील तर त्या याच वेळी दुरुस्त कराव्यात, कारण येथे राहिलेली चूक बारा वेळा छापली जाईल.

ही दुरुस्ती झाल्यापासून सीडचा आकडा अंगणाची ओळख राहत नाही. तो आकडा पुन्हा टाकला तर दुरुस्तीपूर्वीचे अंगण येईल, तुमचे नव्हे. आता ओळख म्हणजे ती पीएनजी फाइल. तिला ‘अंगण-मूळ’ असे नाव द्यावे, तिच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि तिच्यावर थेट कधीही काम करू नये.

पुढचा टप्पा वेळ आणि ऋतू बदलण्याचा. समजा तुमच्या गोष्टीला सकाळ, दिवेलागण आणि पावसाळी दुपार अशी तीन रूपे हवी आहेत. सकाळ म्हणजे मूळ चित्रच. दिवेलागणीसाठी मूळ चित्र इनपुट म्हणून देऊन त्यावरून नवे चित्र घडवायचे, आणि येथे डिनॉइजचा आकडा सीडपेक्षा कितीतरी महत्त्वाचा असतो. 0.3 च्या आसपास रेषा जागेवर राहतात, पण प्रकाशही जवळजवळ तोच राहतो. 0.6 च्या पुढे प्रकाश बदलतो, पण खांब आणि खिडक्या पुन्हा हलू लागतात. या ओढाताणीतून सुटण्याचा मार्ग असा की प्रकाश मॉडेलकडून बदलून घ्यायचाच नाही. क्रिटामध्ये मूळ चित्राच्या प्रतीवर गडद निळ्या-जांभळ्या रंगाचा थर मल्टिप्लाय मोडमध्ये घालावा, दाराशी आणि वृंदावनाच्या कोनाड्याशी उबदार पिवळा रंग मऊ ब्रशने टाकावा, आणि मग हे काळवंडलेले चित्र 0.35 डिनॉइजने मॉडेलला द्यावे. उजेड-अंधाराची ढोबळ मांडणी तुम्ही आधीच केलेली असल्यामुळे मॉडेलला फक्त ती रंगाच्या पोतात मिसळायची असते. संध्याकाळ उतरते आणि खांब हलत नाहीत.

याहून मोठा बदल हवा असेल तर डेप्थ कंट्रोलनेटची जोड द्यावी. मूळ चित्रावरून जवळ-लांबचा करडा नकाशा तयार होतो आणि मॉडेलला त्या नकाशाशी प्रामाणिक राहावे लागते. त्याच्या आधाराने डिनॉइज 0.6 पर्यंत नेला तरी भिंती, छप्पर आणि चौथरा जागा सोडत नाहीत. मात्र नकाशात खोली असते, पृष्ठभाग नसतो. भिंतीवरच्या चिऱ्यांच्या सांध्यांची रचना किंवा दाराचा रंग त्याने टिकत नाही. पावसाळी दुपारीसाठी म्हणूनच संपूर्ण चित्राला हात न लावता आकाश आणि जमीन एवढ्यांवर मास्क घालून काम करणे मला अधिक भरवशाचे वाटते. भिंत मूळ चित्रातली राहते, आणि ओली जमीन व ढगाळ आकाश पाहिले की वाचणाऱ्या मुलाला पाऊस कळतो.

या टप्प्यावर सीडबाबत एक उलटी वाटणारी सूचना आहे. ज्या सीडने मूळ चित्र जन्माला आले, तोच सीड त्या चित्रावर पुन्हा काम करताना वापरू नये. ज्या नॉइजमधून आकृत्या घडल्या तोच नॉइज त्याच आकृत्यांवर पुन्हा पडतो, आणि रंग भडक, कडा करकरीत, पृष्ठभाग जळल्यासारखे दिसू लागतात. सातत्यासाठी सीड जपणारी मंडळी नेमकी याच खड्ड्यात जातात आणि दोष मॉडेलला देतात. रूपे बदलण्यासाठी दुसरा एखादा सीड घ्यावा आणि तो दिवेलागण व पावसाळी दुपार या दोन्ही रूपांसाठी एकच ठेवावा.

डिनॉइजचे आकडे कोणाकडून ऐकून वापरताना त्यांचा प्रोग्रॅमही विचारावा. 30 स्टेप्स आणि 0.5 डिनॉइज दिल्यावर ऑटोमॅटिक1111 मूळ सेटिंगमध्ये सुमारे 15 स्टेप्स करते, तर कॉम्फीयूआय पूर्ण 30 करते, मात्र 60 स्टेप्सच्या आराखड्यातल्या शेवटच्या 30. म्हणून एकीकडचा निकाल दुसरीकडे तंतोतंत उतरत नाही.

आता पात्रे. तुमच्या मूळ पद्धतीत मुलगी आणि अंगण एकाच प्रॉम्प्टमधून एकत्र घडत होती, आणि मुलीबद्दलचा प्रत्येक शब्द अंगणालाही हलवत होता. मुलीचा चेहरा टिकवण्यासाठी तुम्ही लोरा, म्हणजे ठरावीक चित्रांवरून शिकवलेली मॉडेलची छोटी पुरवणी, वापरत असाल तर तो अंगणावरही आपला रंग चढवतो. ज्या चित्रांवरून तो लोरा शिकवला गेला त्यांची पार्श्वभूमी, रेषा आणि रंगसंगती तो नकळत बरोबर आणतो. म्हणून मूळ चित्र आणि त्याची रूपे घडवताना पात्राचा लोरा जोडूच नये. तो फक्त या टप्प्यावर, मास्कच्या आत लागावा.

उदाहरण म्हणून चौथे चित्र घेऊ: दिवेलागणीला मुलगी वृंदावनापाशी दिवा लावते आहे. दिवेलागणीचे अंगण उघडावे आणि मुलगी जेथे हवी तेथे मास्क काढावा. मास्क मुलीच्या आकाराइतकाच न काढता तिच्या पायांखालची जमीन आणि सावली पडेल तेवढी जागा आत घ्यावी, नाहीतर मुलगी जमिनीवर टेकलेली न वाटता चिकटवलेली वाटते. मास्क `GrowMask` ने थोडा वाढवावा आणि त्याची कड `MaskToImage`, `ImageBlur` आणि `ImageToMask` यांतून नेऊन मऊ करावी. `VAE Encode (for Inpainting)` वापरत असाल तर डिनॉइज 1.0 च ठेवावा लागतो, कारण तो मास्कखालचा भाग राखाडी रंगाने पुसून टाकतो. कमी आकडा दिला की तो राखाडी डाग चित्रात उरतो. `Set Latent Noise Mask` वापरल्यास खालचे चित्र शिल्लक राहते आणि 0.8 च्या आसपासचा आकडा चालतो. आधी तेथे मुलीचा ढोबळ आकार रंगवून ठेवला तर हा दुसरा मार्ग अधिक आज्ञाधारक आहे.

प्रॉम्प्टमध्ये अंगणाचे वर्णन थोडक्यात ठेवून मुलीबद्दल लिहावे. आणि सीड? येथे तो मोकळा सोडावा. मास्कच्या बाहेर काही बदलणारच नाही, त्यामुळे हवा तितका सीड बदलून मुलीची उभी राहण्याची ढब निवडता येते. सुरुवातीला ज्या सीडला आपण घट्ट बांधले, तो आता सैल करता येतो, कारण अंगण सांभाळण्याची जबाबदारी त्याच्यावर राहिलेली नाही.

‘मास्कच्या बाहेर काही बदलणार नाही’ हे विधान मात्र एका अटीवर खरे आहे. चित्र पिक्सेलमधून त्या लहान जाळीत आणि तेथून परत पिक्सेलमध्ये आणताना व्हीएई नावाचा भाग सगळ्याच पिक्सेलना किंचित धक्का लावतो, मास्क असो वा नसो. एका फेरीत ते जाणवत नाही. पण मुलगी घालून झाल्यावर त्याच चित्रात मांजर, मग आजी, मग दिवा अशा फेऱ्या केल्या की कौलांच्या रेषा विरघळतात आणि रंग सरकतो. म्हणून प्रत्येक फेरीनंतर `ImageCompositeMasked` वापरून फक्त मास्कमधला भाग उचलावा आणि तो मूळ अंगणावर बसवावा. मग डिफरन्स तपासणी करावी: मास्कबाहेर निखळ काळे दिसले पाहिजे. पुढचे चित्रही नेहमी ‘अंगण-मूळ’ किंवा त्याच्या रूपापासून सुरू करावे, आधीच्या पूर्ण झालेल्या चित्रातून मुलगी पुसून कधीही नाही.

पात्र खांबामागे किंवा वृंदावनामागे असेल तर मास्कची कसरत करू नये. मूळ चित्रातून तो खांब स्वतंत्र थर म्हणून कापून ठेवावा, पात्र मोकळेपणाने घडवून घ्यावे आणि शेवटी खांबाचा थर वर ठेवावा. बारा चित्रांसाठी असे तीन-चार थर एकदाच कापून ठेवले की पुष्कळ वेळ वाचतो.

या पद्धतीची मर्यादा कॅमेऱ्याशी येते. जवळचे दृश्य हवे असेल तर मूळ चित्र दुप्पट मोठे करावे, म्हणजे ते 2432×1664 होते, आणि त्यातला 1216×832 चा भाग कापून 0.25 ते 0.3 डिनॉइजने त्यात बारकावे भरावेत. हे चांगले जमते. पण दाराच्या आतून अंगणाकडे पाहणारे दृश्य हवे असेल तर मूळ चित्रात ती बाजूच नाही, आणि कोणताही सीड ती देऊ शकत नाही. तेव्हा ब्लेंडरमध्ये घराचा साधा ठोकळ्यांचा आराखडा करावा: भिंती, उतरते छप्पर, चार दंडगोल खांब, मध्ये चौथरा. कॅमेरा हव्या त्या जागी ठेवून त्याचा डेप्थ नकाशा काढावा आणि डेप्थ कंट्रोलनेटला द्यावा. खांब चारच राहतील आणि वृंदावन योग्य बाजूला येईल. चिऱ्यांची रचना, कौलांची मोजदाद, माडांचे आकार मात्र जुळणार नाहीत, आणि ते हाताने जुळवण्यापलीकडे उपाय नाही. रंगसंगती मूळ चित्रावरून घ्यावी आणि या नव्या दृश्याला ‘अंगण-मूळ-2’ मानून त्यावरही वरचीच सगळी शिस्त पाळावी. तुमच्या बारा प्रसंगांत असे उलटे दृश्य एकच असेल, तर तो प्रसंग समोरून दाखवता येतो का हे लेखकाशी बोलून पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑनलाइन सेवा वापरणाऱ्यांसाठी इतकेच सांगतो की मिडजर्नीतही `--seed` देता येतो, पण तोही सुरुवातीचा नॉइजच ठरवतो, अंगण नव्हे. आणि तेथे मॉडेलची आवृत्ती `--v` ने बांधली नाही तर सेवा नव्या आवृत्तीवर गेल्यावर जुना सीड निरुपयोगी होतो. तेथेही एक रिकामे चित्र पक्के करून त्यातला फक्त निवडलेला भाग बदलणे हाच मार्ग आहे.

शेवटी नोंदीबद्दल. ‘अंगण-मूळ’ शेजारी एक साधी मजकूर फाइल ठेवावी आणि तीत चेकपॉइंट फाइलचे पूर्ण नाव, वेगळा व्हीएई वापरला असल्यास त्याचे नाव, पूर्ण प्रॉम्प्ट, सीड, सॅम्पलर, शेड्युलर, स्टेप्स, सीएफजी आणि आकार लिहावा. प्रत्येक रूपाखाली त्याचा डिनॉइज आणि त्यासाठी वापरलेला सीड लिहावा. मालिका पूर्ण होऊन छपाईला जाईपर्यंत कॉम्फीयूआय आणि ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर अपडेट करू नये, आणि शक्य असेल तर सगळे काम एकाच संगणकावर करावे. लेखकाने सातव्या चित्रात दुरुस्ती सुचवली तर तुम्हाला केवळ त्या चित्राचा मास्क उघडावा लागेल.